दोरीच्या कोनाची कुळकथा

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत वीज गेली की कारखान्यांच्या मागच्या शेडमधले डिझेल जनरेटर सुरू होतात. त्यांतल्या जुन्या संचांत गव्हर्नरच्या डबीत दोन छोटी वजनं गरगरत असतात. इंजिनाचा वेग वाढला की ती बाहेर झुकतात आणि डिझेल कमी करतात, वेग उतरला की आत येतात. या वजनांचा मूळपुरुष म्हणजे दोरीला बांधून आडव्या वर्तुळात फिरवलेला गोळा, म्हणजेच शंकुलोलक. फिरताना दोरी शंकूचा आकार आखते, म्हणून हे नाव.

त्याचं गणित पहिल्यांदा नीट मांडलं ते डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनी, 1659 मध्ये. 1673 साली घड्याळांवरच्या ग्रंथात त्यांनी निष्कर्ष छापले, पण सिद्धता दिल्या नाहीत. त्या छापून आल्या 1703 मध्ये, हायगेन्स जाऊन आठ वर्षं झाल्यावर.

प्रश्न साधा वाटतो: दोरीची लांबी L आणि गोळ्याचा वेग v ठाऊक आहे, तर दोरी उभ्या रेषेशी किती कोन करेल? दोरीच्या ताणाचा उभा भाग वजन पेलतो आणि आडवा भाग गोळ्याला वर्तुळात वळवतो. दोन्हींचा भागाकार केला की गोळ्याचं वस्तुमान निघून जातं आणि tan θ = v²/(gr) उरतं. म्हणून हलका गोळा आणि जड गोळा सारख्याच कोनात फिरतात.

इथेच बहुतेकांचं गणित फसतं, कारण r च्या जागी सरळ L घातला जातो. वर्तुळाची त्रिज्या दोरीएवढी नसते. ती L sin θ असते, म्हणजे जो कोन शोधायचा तोच तिच्यात दडलेला आहे. एक मीटर दोरी आणि सेकंदाला 2 मीटर वेग घेऊ. r = 1 धरलं तर कोन 22 अंश येतो. पण 22 अंशांवर त्रिज्या जेमतेम 37 सेंटिमीटर भरते, एक मीटर नव्हे. उत्तर स्वतःलाच खोटं पाडतं, आणि चूक ओळखायची सोपी खूणही हीच. बरोबर रीत अशी: k = v²/(gL) काढायचा, मग

cos θ = (√(k² + 4) − k) / 2

आपल्या उदाहरणात k = 0.408, म्हणून cos θ = 0.817 आणि कोन सुमारे 35 अंश. त्रिज्या 58 सेंटिमीटर, एका फेरीला 1.8 सेकंद, म्हणजे मिनिटाला साधारण 33 फेरे.

यंत्रावर मात्र वेग फेऱ्यांतच मोजतात, आणि फेऱ्यांत मांडलं की सूत्र फार सोपं होतं: cos θ = g/(ω²L). ω म्हणजे सेकंदाला किती रेडियन ते. पण cos 1 पेक्षा मोठा होऊ शकत नाही. म्हणून एक मीटरच्या दोरीला मिनिटाला जवळजवळ 30 फेऱ्यांखाली शंकू जमतच नाही, गोळा सरळ खाली लोंबतो. 30 फेऱ्यांवर कोन जेमतेम 7 अंश, 33 वर 35 अंश! वेगात दहा टक्के वाढ होताच दोरी इतकी उघडते. पुढे 60 फेऱ्यांवरही कोन 76 अंशांच्या आतच राहतो. सुरुवातीची ही तीव्रता मला या सगळ्या गणितातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, आणि गव्हर्नरला हवी असते तीही हीच.

युरोपातल्या पवनचक्क्यांत जात्याच्या तळ्यांमधलं अंतर सांभाळायला असे गोळे आधीपासून वापरात होते. जेम्स वॉट यांनी 1788 मध्ये ते वाफेच्या इंजिनाला जोडले. गोळे उघडले की त्यांची दांडी वाफेची झडप मिटायची.

या पद्धतीची मर्यादाही त्याच सूत्रात आहे. टांगणीच्या बिंदूपासून गोळ्याच्या पातळीपर्यंतची उंची L cos θ, म्हणजेच g/ω². तिच्यात दोरीची लांबी येतच नाही. मिनिटाला 60 फेऱ्यांना ही उंची 25 सेंटिमीटर असते, तेव्हा वॉट यांच्या सावकाश इंजिनाला गोळे शोभले. जनरेटर मात्र मिनिटाला 1500 फेरे घेतो आणि तिथे ती उंची 0.4 मिलिमीटर! दांड्या जवळजवळ आडव्याच होतात आणि वेग थोडा वर-खाली झाला तरी कोनात काही फरक दिसत नाही. 1969 पासून वीज देणारं तारापूरचं अणुकेंद्रही याला अपवाद नाही. पन्नास हर्ट्झच्या ग्रिडवरचं वाफेचं मोठं टर्बाइन 1500 किंवा 3000 फेऱ्यांनीच फिरतं, आणि 3000 ला ती उंची 0.1 मिलिमीटरवर येते.

म्हणून वेगवान यंत्रांत वजनांना आत ओढण्याचं काम गुरुत्वाकर्षणाकडून काढून स्प्रिंगकडे दिलं गेलं. कोन आता g वर नाही, स्प्रिंगच्या ताठपणावर ठरतो, आणि मेकॅनिक गव्हर्नर लावताना स्प्रिंगचा ताणच कमी-जास्त करतो. ताण चुकला की इंजिनाचा आवाज चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. मेकॅनिक त्याला हंटिंग म्हणतात. या वेगाच्या झोक्यांचं गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी 1868 मध्ये मांडलं. वजनं योग्य कोनाला येतात, पण वेळेवर थांबत नाहीत, पलीकडे जातात आणि परत येताना पुन्हा चुकतात. घर्षण पुरेसं असलं की हे झोके विरतात.