चयापचय खरंच किती मंदावते? मिनेसोटापासून आजपर्यंतची गोष्ट

"डॉक्टर, पहिले चार महिने वजन छान उतरलं. आता तेवढंच खाते, तेवढंच चालते, पण काटा हलत नाही. माझं मेटाबॉलिझम बंद पडलंय का?"

हा प्रश्न तुम्हीही कधीतरी विचारला असेल. वजन उतरवताना शरीराचा ऊर्जाखर्च कमी होतो हे खरे आहे. पण तो किती कमी होतो आणि कशामुळे, याचे उत्तर शोधायला शास्त्रज्ञांना बराच काळ लागला. ही गोष्ट समजून घेतली तर वजन कमी करण्याची योजना जास्त शहाणपणाने आखता येते.

१९४४: स्टेडियमखालची उपासमार

दुसरे महायुद्ध संपत आले होते. युरोपात लाखो लोक उपाशी होते आणि त्यांना पुन्हा अन्नावर कसे आणायचे हे डॉक्टरांना नीट ठाऊक नव्हते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी त्यासाठी एक प्रयोग हाती घेतला. सैन्यात शस्त्र धरायला तत्त्व म्हणून नकार दिलेले ३६ निरोगी तरुण त्यासाठी स्वखुशीने पुढे आले. विद्यापीठाच्या स्टेडियमखालच्या प्रयोगशाळेत नोव्हेंबर १९४४ मध्ये काम सुरू झाले.

पहिले १२ आठवडे त्यांना पोटभर, म्हणजे रोज सुमारे ३२०० कॅलरी मिळाल्या. पुढचे २४ आठवडे जेवण निम्म्यावर आले: बटाटे, कोबी, सलगमसारखे कंद, पाव आणि मॅकरोनी. शिवाय आठवड्याला २२ मैल चालणे सक्तीचे होते. हे तरुण मुळात लठ्ठ नव्हते, तरीही सहा महिन्यांत त्यांचे वजन सरासरी ६९ किलोवरून सुमारे ५३ किलोवर आले. नाडी मिनिटाला ५५ च्या आसपास असायची, ती ४० च्या खाली गेली. ऐन उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजू लागली.

कीज यांनी विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जाखर्च मोजला. हृदय, मेंदू, यकृत, श्वास यांच्यासाठी आपण पडल्यापडल्या जी ऊर्जा जाळतो, तो हा खर्च. तो जवळजवळ ४० टक्क्यांनी घटला होता. हा आकडा आजही लोकांना घाबरवण्यासाठी वापरला जातो. पण त्यातला मोठा वाटा सरळ होता. शरीरच लहान झाले होते, स्नायू झिजले होते, आणि लहान इंजिनाला इंधन कमी लागते. उरलेल्या पेशींचा खर्च वेगळा काढला, तेव्हा प्रत्येक किलो सक्रिय पेशींमागे घट सुमारे १५ टक्के निघाली. आकारमानाच्या हिशेबापलीकडची ही जी जास्तीची काटकसर, तिलाच आज आपण 'चयापचयाचे जुळवून घेणे' म्हणतो.

या प्रयोगातली आणखी दोन निरीक्षणे आज तुमच्या कामाची आहेत. एकूण ऊर्जाखर्चात जी घट झाली, तिचा निम्म्याहून अधिक भाग विश्रांतीच्या खर्चातला नव्हताच. तो हालचालीतला होता. शरीर हलके झाल्याने चालायला कमी ऊर्जा लागत होती, आणि मुले नकळत बसून राहू लागली होती. दुसरे निरीक्षण पाण्याचे. त्यांच्या अंगावर सूज येत असे. चरबी आणि स्नायू घटत असतानाही साठलेल्या पाण्यामुळे काटा ती घट लपवत होता.

आणि एक गोष्ट मात्र घडली नाही. इतक्या टोकाच्या उपासमारीतही वजन घटायचे थांबले नाही. 'कमी खाल्ले की शरीर चरबी धरून ठेवते आणि वजन उतरतच नाही' या समजुतीला मिनेसोटाचा आधार नाही.

१९५८: एक सोपा नियम, चुकीचा वापर

१९५८ मध्ये मॅक्स विश्नॉफ्स्की या अमेरिकन डॉक्टरांनी एक हिशेब मांडला: एक पौंड वजन म्हणजे ३५०० कॅलरी, म्हणजे एका किलोला सुमारे ७७००. चरबीतील ऊर्जेचा अंदाज म्हणून तो ठीक आहे. घोळ झाला तो पुढे. रोज ५०० कॅलरी कमी खा, वर्षभर खा, आणि गुणाकार करा, असे लोकांना सांगितले जाऊ लागले. तुमचा रोजचा खर्च वर्षभर आहे तेवढाच राहील असे त्यात गृहीत धरले होते. मिनेसोटाने तर नेमके उलटे दाखवले होते.

२०१६: टीव्हीवरचे स्पर्धक

अमेरिकेत 'द बिगेस्ट लूझर' नावाची वजन उतरवण्याची स्पर्धा टीव्हीवर गाजली. तिच्या १४ स्पर्धकांचा केविन हॉल यांच्या गटाने सहा वर्षे मागोवा घेतला. ३० आठवड्यांत त्यांनी सरासरी ५८ किलो घटवले होते, आणि सहा वर्षांनी त्यातले ४१ किलो परत आले होते. तरीही त्यांचा विश्रांतीचा खर्च, शरीराच्या आकारमानानुसार अपेक्षित असतो त्यापेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमी होता. बातमी जगभर पसरली: डाएटने मेटाबॉलिझम कायमचे बिघडते!

पण बातम्यांत एक तपशील मागे पडला. स्पर्धा संपताना ज्यांचे चयापचय जास्त मंदावले होते, त्यांचे वजन जास्त परत आले, असे दिसले नाही. उलट सहा वर्षांनंतर ज्यांनी जास्त वजन टिकवून ठेवले होते, त्यांच्यातच मंदावणे जास्त होते. ही मंडळी व्यायामही इतरांपेक्षा कितीतरी जास्त करत होती. हॉल यांनी पुढे असे सुचवले की सतत खूप व्यायाम करणारे शरीर विश्रांतीच्या खर्चात काटकसर करून तोल सांभाळत असावे. हे लोक दिवसाचे अनेक तास व्यायाम करत होते आणि महिन्याला जवळपास आठ किलो उतरवत होते. तो आकडा तुमच्यामाझ्यावर लागू करता येत नाही.

नेहमीच्या गतीने १०-१५ किलो उतरवणाऱ्यांवर कॅटिया मार्टिन्स यांच्या गटाने अभ्यास केले. वजन उतरवल्यावर काही आठवडे ते स्थिर ठेवून मग मोजमाप केले, तेव्हा जास्तीची काटकसर रोज सुमारे ५० कॅलरी निघाली. म्हणजे जेमतेम अर्धी पोळी. खाणे कमी असतानाच्या काळात ती जास्त असते. पुरेसे खाऊन वजन स्थिर झाले की ती बरीचशी ओसरते. ती ध्येय गाठायला उशीर लावते, वाट अडवत नाही.

मग काटा का अडतो?

हॉल यांनीच २०११ मध्ये एक नवा अंदाज दिला. खाण्यात रोज साधारण २४ कॅलरींची कायमची कपात केली, तर शेवटी सुमारे एक किलो वजन घटते. त्यातली निम्मी घट पहिल्या वर्षात होते, आणि जवळजवळ सगळी व्हायला तीन वर्षे लागतात.

उदाहरण घेऊ. ४५ वर्षांच्या, ८२ किलो वजनाच्या एक बाई आहेत. त्यांचे वजन रोज २००० कॅलरींवर स्थिर राहते. त्या १५०० वर येतात, म्हणजे कपात ५०० ची. जुन्या गुणाकाराने वर्षात जवळजवळ २४ किलो उतरायला हवेत. नव्या हिशेबाने शेवटची घट ५०० भागिले २४, म्हणजे सुमारे २१ किलो, आणि पहिल्या वर्षात साधारण १० किलो. वर्षाअखेरीस त्या ७२ किलोवर असतील, सगळे नीट पाळूनही. जुना आकडा मनात धरून बसल्या तर त्यांना वाटेल, आपण हरलो.

या १० किलोंमागे त्यांचा रोजचा खर्च अंदाजे २४० कॅलरींनी कमी झाला. त्यातला बहुतेक भाग हलक्या शरीराचा आणि कमी हालचालीचा, जास्तीची काटकसर थोडी. सुरुवातीला ५०० ची असलेली तूट आता २६० वर आली. वेग निम्मा होणे हे या गणितातच आहे.

पण चौथ्या-सहाव्या महिन्यात वजन पूर्ण थांबले, तर त्याचे उत्तर बहुधा चयापचयात नसते. हॉल यांच्याच गटाने दाखवले की प्रत्येक किलो घटल्यावर खर्च रोज २०-३० कॅलरींनी कमी होतो, पण भूक मात्र सुमारे १०० कॅलरींनी वाढते. भुकेचा ओढा खर्चातल्या घटीच्या तिपटीहून जास्त असतो. एक चमचा तूप, चहासोबतची दोन बिस्किटे, मुलाच्या ताटात उरलेली पोळी असे करत १५०० चे १७५० कधी होतात ते कळतही नाही. यात तुमचा दोष नाही, हे शरीराचे काम आहे. पण ते ओळखायला हवे.

योजना कशी आखाल?

रोजच्या आकड्याकडे पाहू नका, सात दिवसांची सरासरी काढा. ती चार आठवडे हलली नाही तरच वजन अडले असे समजा. पाळी, मीठ किंवा नवा व्यायाम यांमुळे साठलेले पाणी दोन-तीन आठवडे घट झाकू शकते. खरेच अडले असेल, तर आणखी कपात करण्याआधी एक आठवडा खाणे मोजून, तेलासकट, लिहून काढा. आणि रोजची पावले पूर्वीइतकी आहेत का तेही पाहा.

दर पाच किलोंनंतर हिशेब नव्याने मांडा. वरच्या बाईंना ७२ किलोवर थांबायचे असेल, तर त्यांचा नवा पोटभर आकडा २००० नसून १७५० च्या आसपास आहे. 'आता डाएट संपले' म्हणून २००० वर गेल्या, तर वजन हळूहळू पूर्वीच्या जागी जाईल, आणि दोष मेटाबॉलिझमला मिळेल. तीन-चार महिन्यांनी दोन ते चार आठवडे वजन मुद्दाम स्थिर ठेवून पाहिले, तर हा आकडा आधीच कळतो. पुरेशी प्रथिने आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजनाचे व्यायाम केले की स्नायू कमी झिजतात.

कमी खाताना टी३ हे थायरॉइडचे संप्रेरक थोडे उतरते. टीएसएच सामान्य असेल तर तो आजार नव्हे, आणि वजनासाठी थायरॉइडची गोळी घेऊ नये. मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे चालू असतील, तर वजन उतरताना डोस कमी करावे लागतात. म्हणून अशी कपात सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना सांगा. आणि वर्षाचे ध्येय ठरवताना २४ चा आकडा लक्षात ठेवा: ५०० ची कपात, पहिल्या वर्षात साधारण १० किलो.