उकळत्या पाण्याने मोजलेलं दख्खन

आमच्या भिवंडीत लूमचा आवाज सगळ्यांना माहीत असतो, पण लूमवर जाण्याआधी सूत सायझिंगमध्ये जातं. तिथे त्याला खळ लावतात आणि वाफेने तापवलेल्या मोठ्या सिलिंडरांवरून फिरवून वाळवतात. शाळेत असताना मी शेजारच्या चाचांचा डबा घेऊन त्यांच्या सायझिंगमध्ये जायचो. ते बॉयलर सांभाळायचे. काट्याकडे बोट दाखवून एकदा म्हणाले, "सात पे एक सौ सत्तर, बस." म्हणजे दाब ७ किलो असेल, तर वाफ १७० अंशांवर. थर्मामीटरकडे न बघता तापमान कसं सांगता, असं विचारलं तर हसले. त्यांना ते त्यांच्या उस्तादाने सांगितलं होतं.

पुढे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात याचं समीकरण भेटलं, परीक्षेपुरतं पाठ झालं आणि कोडिंगच्या नोकरीत विसरलं गेलं. ते परत आठवलं ते कर्नल साइक्समुळे.

विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई फौजेतला अधिकारी. १८२४ साली मुंबई सरकारने त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायच्या कामावर नेमलं. माणूस चौफेर होता. शेती, लोकसंख्या, पक्षी, हवामान, काहीच सोडलं नाही. आपल्या माळरानावरच्या एका चंडोलाला इंग्रजीत आजही त्याचंच नाव आहे. दख्खनच्या हवामानावरचा त्याचा मोठा निबंध १८३५ साली रॉयल सोसायटीने छापला. मला मात्र जास्त आवडतो तो १८३८चा छोटा लेख. त्याचा विषय, साध्या थर्मामीटरने डोंगरांची उंची कशी मोजावी.

कल्पना अशी: उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानाला उकळतं. तेव्हा डोंगरावर पाणी उकळा, तापमान वाचा, त्यावरून दाब काढा आणि दाबावरून उंची. एरवी यासाठी पाऱ्याचा बॅरोमीटर लागायचा. जवळजवळ मीटरभर लांबीची, पाऱ्याने भरलेली काचेची नळी घाटातून वर न्यायची म्हणजे काय, ते ट्रेक करणाऱ्याला सांगायला नको. साइक्सच्या आधी वोलास्टनने १८१७ साली याच कामासाठी खास नाजूक थर्मामीटर बनवला होता. साइक्सचं म्हणणं, साध्याने भागतं.

पण गंमत बघा. साइक्स दख्खनमध्ये फिरत होता तेव्हा या तापमान-दाब नात्यामागचं कारण कोणालाच ठाऊक नव्हतं. हातात होते ते फक्त प्रयोगातून आलेले तक्ते. तापमान सारख्या पायऱ्यांनी वाढवलं की वाफेचा दाब साधारण सारख्या पटीने वाढतो, हे डाल्टनने १८०१च्या सुमारास पाहिलं होतं. पण वर जाताना ही पट हळूहळू घटते, आणि ती का घटते ते त्याला सांगता येत नव्हतं.

उत्तर वाफेच्या इंजिनाच्या विचारातून आलं. १८३४ साली क्लॅपेरॉनने कार्नोचं काल्पनिक इंजिन पाणी-वाफेवर चालवून पाहिलं आणि दाखवलं की तापमानाबरोबर दाब किती वेगाने वाढेल, हे बाष्पीभवनाच्या उष्णतेवर आणि वाफ होताना वाढणाऱ्या घनफळावर अवलंबून असतं. त्याच्या समीकरणात तापमानाचं एक फलन अज्ञात राहिलं होतं. १८५०मध्ये क्लॉसियसने ती जागा निरपेक्ष तापमानाने भरली. वाफ आदर्श वायूसारखी वागते आणि तिच्यापुढे पाण्याचं घनफळ नगण्य आहे, असं धरलं की उरतं ते हे:

ln(P2/P1) = (ΔH/R) × (1/T1 − 1/T2)

T केल्विनमध्ये. ΔH म्हणजे एक मोल पाण्याची वाफ करायला लागणारी उष्णता. डाल्टनची पट का घटत होती तेही इथे दिसतं. सारखी पायरी तापमानाची नाही, त्याच्या व्यस्ताची घ्यायची असते.

माझ्या डोक्यात आलं ते असं, की साइक्सची रीत उलटीही चालवता येईल. दाब दुसरीकडून मिळाला, तर दोन ठिकाणी पाणी उकळून ΔH काढता येतो. फोनमध्ये दाबमापक असतोच. गेल्या डिसेंबरात घरी पाणी उकळलं. फोनवर १००८ हेक्टोपास्कल, थर्मामीटरवर ९९.३. खरं तर ९९.८ हवं होतं, म्हणजे थर्मामीटर अर्धा अंश कमी दाखवत होता. मग स्टोव्ह घेऊन बारी गावातून कळसूबाई चढलो. १६४६ मीटर. माथ्यावर फोन ८३६ म्हणाला. पातेल्यातलं पाणी खळखळलं आणि थर्मामीटर ९५.२वर थांबला.

तिथेच हिशेब केला. दाबांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम ०.१८७. फरक ४.१ अंश. ΔH आला मोलला ५२ किलोज्यूल. खरं मूल्य ४०.७च्या आसपास. म्हणजे मी पाणी नाही, भलतंच काही उकळत होतो! सोबतचे मित्र चहासाठी ताटकळले होते, त्यांनी त्याच पाण्यात पत्ती टाकायचा आग्रह धरला.

चूक जुनीच आहे. थर्मामीटरचा बल्ब तळाला टेकला होता, आणि तळ पाण्यापेक्षा गरम असतो. तळ सोडला तरी उकळतं पाणी थोडं जास्त तापलेलं असू शकतं. क्षार असतील तर आणखी. वाफ मात्र पृष्ठभागावरून निघून बल्बवर थिजते आणि थिजताना त्या दाबाचं तापमान नेमकं धरून ठेवते. म्हणून उंची मोजायच्या चांगल्या उपकरणात बल्ब पाण्याच्या वर, वाफेत ठेवतात. मीही झाकणाच्या फटीतून तसाच धरला. ९४.० आलं.

आता फरक ५.३ अंश. ३७२.४५ आणि ३६७.१५ केल्विनच्या व्यस्तांमधला फरक ०.००००३८८, आणि ΔH ४०.१ किलोज्यूल. थर्मामीटरची अर्ध्या अंशाची खोट दोन्हीकडे सारखी असल्याने वजाबाकीत निघून गेली. पण वाचण्यात ०.१ अंशाची चूक झाली, तर उत्तर २ टक्क्यांनी हलतं, म्हणून ४०.१ला मी चाळीसच म्हणेन. साइक्सच्या बाजूने बघाल तर १ अंश म्हणजे साधारण ३०० मीटर. साध्या थर्मामीटरवर पाव अंश चुकला, की डोंगर ७५ मीटर वरखाली होतो. त्याच्या पद्धतीची मर्यादा हीच होती.

या आकड्याने चाचांचं वाक्य तपासायचं होतं. पहिल्यांदा दाब ७ धरला आणि १६५ अंश आले. चाचा चुकले असं वाटून थोडं वाईट वाटलं. मग लक्षात आलं, की बॉयलरचा काटा बाहेरच्या हवेच्या वरचा दाब दाखवतो. समीकरणाला पूर्ण दाब लागतो, ७ अधिक हवेचा १.०३. ८.०३ घातल्यावर उत्तर १७०.४. वाफेच्या तक्त्यात १७०ला थोडं कमी आहे.

मला हे पटायला जड गेलं. ΔH काढला ९४ ते ९९ अंशांत आणि वापरला १७०वर, जिथे तो खरा ९ टक्क्यांनी कमी असतो. समीकरण मात्र तो स्थिर धरतं. वाचवतं ते दुसरं गृहीतक. जास्त दाबाला वाफही आदर्श राहत नाही, तिचं घनफळ सूत्राने म्हटल्यापेक्षा सुमारे ६ टक्के कमी भरतं. उष्णता भागिले घनफळ असा मामला असल्याने दोन चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खातात. पुढे क्रांतिक तापमानाजवळ, ३७४ अंशांपाशी, ΔH शून्याकडे जातो आणि तिथे वाफेला आदर्श वायू म्हणण्यात अर्थच उरत नाही.

चाचा आता निवृत्त आहेत. कळसूबाईचे आकडे त्यांना दाखवले. १७०.४ वाचून म्हणाले, "ये पॉइंट चार किधर से आया?"