कार्यानुभवाची सिद्धता : संदर्भपत्र, वेतनचिठ्ठी आणि कर-अभिलेख

कौशल्याधारित स्थलांतराच्या मूल्यमापनात ‘अनुभव’ या संज्ञेचा अर्थ व्यवहारातील अर्थाहून संकुचित आहे. चार लक्षणे एकत्र आली तरच काम अनुभव म्हणून गणले जाते : (१) ते सवेतन असावे, (२) ते अर्हतेशी आणि निवडलेल्या व्यवसायाशी संबंधित असावे, (३) त्याचा आरंभ व शेवट निश्चित असावा, (४) आठवड्याला ठरावीक किमान तास ते झालेले असावे. ऑस्ट्रेलियासाठी अभियंत्यांचे मूल्यमापन ‘इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया’ ही संस्था करते आणि तेथे ही किमान मर्यादा २० तासांची आहे. काम प्रत्यक्षात झाले असले तरी ही लक्षणे कागदावरून सिद्ध होत नसतील, तर मूल्यमापनापुरते ते झालेच नाही असे धरले जाते.

ही लक्षणे सिद्ध करणारे अभिलेख तीन प्रकारचे आहेत. संदर्भपत्र कामाचे स्वरूप सांगते. वेतनचिठ्ठी त्या कामाचा मोबदला सांगते. कर-अभिलेख तो मोबदला तिसऱ्या, त्रयस्थ पक्षाकडे नोंदला गेल्याचे सांगतो. पहिले दोन अभिलेख मालकच देतो, म्हणून ते परस्परांना स्वतंत्र दुजोरा देऊ शकत नाहीत. तिसरा मालकाच्या हाताबाहेरचा असतो, परंतु कामाच्या स्वरूपाविषयी तो काहीच बोलत नाही. यावरून निष्कर्ष निघतो की कोणताही अभिलेख दुसऱ्याची जागा घेत नाही. सिद्धता तिघांच्या मेळात असते.

विवेचनासाठी एक कल्पित परंतु महाड परिसरात सहज संभवणारे उदाहरण घेऊ. वीर येथील एका तरुणाने लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातून रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेतली. ११ जून २०१८ रोजी तो महाड औद्योगिक वसाहतीतील एका रसायन कारखान्यात प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू झाला आणि ३० सप्टेंबर २०२३ रोजी त्याने नोकरी सोडली. एकूण काळ पाच वर्षे आणि सुमारे साडेतीन महिने. ऑस्ट्रेलियाच्या गुणपद्धतीत परदेशातील तीन ते पाच वर्षांच्या अनुभवास ५ गुण आणि पाच ते आठ वर्षांच्या अनुभवास १० गुण मिळतात. पहिले वर्ष नुसते प्रशिक्षण ठरवून वगळले गेले, तर त्याचा काळ सव्वाचार वर्षांवर येतो आणि गुण निम्मे होतात. एकेका वर्षाची सिद्धता महत्त्वाची ठरते ती या कारणाने.

प्रथम संदर्भपत्र. कारखान्यांकडून सहसा मिळणाऱ्या अनुभवपत्रात पद, कालावधी, वर्तणूक समाधानकारक असल्याचा शेरा आणि शुभेच्छा असतात. त्यातून काळ कळतो, काम कळत नाही. मूल्यमापनास उपयुक्त पत्र कारखान्याच्या लेटरहेडवर असते. त्यात पत्राची तारीख, स्वाक्षरी करणाऱ्याचे नाव, हुद्दा व संपर्क, प्रत्येक पदाचा स्वतंत्र कालावधी, आठवड्याचे तास आणि कर्तव्ये असतात. कर्तव्ये कृतीच्या भाषेत लिहावी लागतात. ‘उत्पादन विभागाचे काम पाहिले’ हे वाक्य निरुपयोगी आहे. ‘रिअ‍ॅक्टरमधील बॅचचे तापमान व दाब नियंत्रित केले, प्रत्येक बॅचचा उतारा काढून घट येण्याची कारणे शोधली’ हे वाक्य अभियंत्याचे काम दाखवते. प्रशिक्षणार्थी म्हणून गेलेल्या पहिल्या वर्षात हीच कर्तव्ये असतील, तर ती त्या वर्षाच्या नावे वेगळी नोंदवून घ्यावीत. व्यवसाय-सूचीतील वर्णन शब्दशः उतरवलेले पत्र मात्र संशयास पात्र ठरते. त्यात सूची बोलते, कारखाना बोलत नाही.

दुसरी वेतनचिठ्ठी. तिचे बल तिच्या अंतर्गत हिशेबात आहे. समजा, २०१८ मध्ये उदाहरणातील अभियंत्याचे मूळ वेतन १३,००० आणि भत्ते १४,५०० होते. एकूण २७,५०० रुपये. भविष्य निर्वाह निधीची १२ टक्के कपात १,५६० आणि व्यवसाय कर २०० रुपये. हाती २५,७४० रुपये येतात आणि बँक-उताऱ्यात नेमकी हीच रक्कम जमा दिसली पाहिजे. महाराष्ट्रात व्यवसाय कर फेब्रुवारीत २०० ऐवजी ३०० रुपये कापला जातो, म्हणून त्या महिन्याची जमा २५,६४० होते. मागाहून तयार केलेल्या चिठ्ठ्यांत बाराही महिने २०० रुपयेच दिसतात आणि त्या तेथेच उघड्या पडतात. जून २०१८ ची चिठ्ठी वीस दिवसांचीच, म्हणजे एकूण १८,३३३ रुपयांची असेल. ही अपुरी चिठ्ठी जपून ठेवावी, कारण रुजू झाल्याच्या तारखेचा तो सर्वांत नेमका पुरावा आहे.

तिसरा कर-अभिलेख. त्याचे दोन पोटभेद करावे लागतात : मालकाने कापलेल्या कराची नोंद आणि करदात्याने स्वतः भरलेले विवरणपत्र. फॉर्म १६ आणि फॉर्म २६एएस पहिल्या प्रकारात येतात. २६एएसमध्ये मालकाचे नाव, त्याचा टॅन क्रमांक आणि दिलेली रक्कम आयकर विभागाच्या नोंदीतून येते. परंतु करकपात झाली तरच ही नोंद उमटते, आणि महाडसारख्या ठिकाणच्या नवोदिताची मुख्य अडचण येथेच उद्भवते. उदाहरणातील वार्षिक वेतन ३,३०,००० रुपये आहे. त्यातून २०१८-१९ ची ४०,००० रुपयांची प्रमाणित वजावट आणि करातील सवलत विचारात घेतली की देय कर शून्य होतो. कपात नाही, म्हणून २६एएसमध्ये त्या वर्षाचे वेतन आढळत नाही. विवरणपत्र भरलेले असेल तर ते जोडता येते, पण ते करदात्याचेच कथन असल्याने त्याचे बल कमी असते.

ही पोकळी भविष्य निर्वाह निधीचे पासबुक भरून काढते. ते कर-अभिलेख नसले तरी तितकेच त्रयस्थ आहे. त्यात वेतनमहिन्यागणिक कर्मचाऱ्याचे १,५६० आणि मालकाचे तेवढेच दिसतात. मालकाच्या वाट्यातील १,०८३ निवृत्तिवेतन योजनेत आणि ४७७ निधीत जातात. चिठ्ठीतील कपात आणि पासबुकातील जमा सारखी निघाली की मालकाच्या कथनास बाहेरचा दुजोरा मिळतो. २२ जुलै २०२१ च्या सावित्रीच्या पुरात महाड शहर बुडाले. अशा वेळी घरातील चिठ्ठ्या गेल्या तरी पासबुक, बँक-उतारा आणि विवरणपत्र यांच्या नोंदी अन्यत्र शाबूत असतात आणि त्यांवरून वेतनाचा क्रम पुन्हा मांडता येतो.

आता अभिलेखांतील विसंगती. ती तीन प्रकारची असते. (१) नामभेद : पत्र कारखान्याचे, पण पासबुकात नाव ठेकेदाराचे. (२) कालभेद : आयकरात उत्पन्नाचे वर्ष आणि आकारणी वर्ष यांत एका वर्षाचे अंतर असते, २०१८-१९ चे उत्पन्न २०१९-२० च्या विवरणपत्रात येते, आणि परीक्षकास ते एक वर्ष उशिराचे भासू शकते. (३) रकमभेद : वेतनाचा काही भाग रोखीने दिलेला असतो. पहिल्या दोन भेदांचे निरसन ठेकेदार-कारखाना संबंध सांगणाऱ्या पत्राने किंवा एका स्पष्टीकरणाने होते. तिसऱ्याचे होत नाही. रोखीचा भाग सोडून द्यावा आणि नोंदलेल्या रकमेवरच दावा करावा. कागद ‘जुळवून’ घेणे हा उपाय नव्हे. खोटी माहिती आढळल्यास ऑस्ट्रेलियाच्या ४०२० क्रमांकाच्या निकषाखाली व्हिसा नाकारला जातो आणि साधारणतः तीन वर्षे पुन्हा दार उघडत नाही.

संदर्भपत्र मिळतच नसेल तर वरिष्ठ सहकाऱ्याचे शपथपत्र हा पर्याय काही संस्था अटींसह मान्य करतात. त्यासाठी त्या त्या संस्थेची चालू नियमपुस्तिका आधी वाचावी. शपथपत्रामुळे कर्तव्ये सांगता येतात, वेतन सिद्ध होत नाही, हे येथेही लक्षात ठेवावे.

या अभिलेखांपैकी कर-अभिलेख आणि बँक-नोंद मागाहून काढता येतात, वेतनचिठ्ठी बहुधा काढता येते. संदर्भपत्र मात्र कामाची माहिती असलेला अधिकारी कारखान्यात असेपर्यंतच मिळते. म्हणून परदेशाचा विचार मनात असो वा नसो, प्रत्येक बढतीच्या वेळी आणि नोकरी सोडण्यापूर्वी कर्तव्यांसह पत्र लिहून घ्यावे.