अर्ज करणाऱ्याचा ‘आपण’

भोरच्या एसटी स्थानकावर अनोळखी माणसाशी बोलायची वेळ आली की जुना मावळी माणूस बहुधा सर्वनाम वापरतच नाही. तो म्हणतो, “पाव्हणं, कुठनं आलात?” नाते ‘पाव्हणं’ हा शब्द सांगतो आणि आदर क्रियापदाच्या शेवटचा ‘त’. तिथे ‘स’ आला, ‘आलास’ झाले, की समोरचा लहान, जिवलग किंवा अपमानित ठरतो. या तिन्हींपैकी कोणता, हे स्वर सांगतो. एका व्यंजनावर एवढा भार टाकणारी ही पद्धत कुठून आली, याचा मागोवा घ्यायला आपण मागे जाऊ.

‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांची वंशावळ सरळ आहे. संस्कृत ‘त्वम्’पासून ‘तू’ आला आणि प्राकृतातल्या ‘तुम्हे’पासून ‘तुम्ही’. एका माणसाला अनेकवचनाने बोलावणे हा आदराचा जुना मार्ग कित्येक भाषांत दिसतो. ‘तू’ मात्र खाली गेला नाही. संतांचा विठ्ठल ‘तू’च राहिला आणि अनेक घरांत वडील ‘अहो बाबा’ झाले तरी आई ‘ए आई’च राहिली. जिथे रागावता येते, हट्ट धरता येतो, तिथे ‘तू’ टिकतो.

‘आपण’ची गोष्ट निराळी. त्याच्या मुळाशी समोरचा माणूस नाहीच, आहे तो ‘आत्मन्’, म्हणजे स्वतः. प्राकृतात त्याचा ‘अप्पा’ झाला, त्यातून ‘आपण’.  आजही शाळेत आपण हा शब्द आत्मवाचक सर्वनाम म्हणूनही शिकतो. ‘तो आपण होऊन गेला’ या वाक्यात ते मूळ रूप जिवंत आहे.

आता भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत, रोहिड खोरे, हिरडस मावळ आणि गुंजण मावळात, वतनाच्या भांडणांचे कागद लिहिले जात होते त्या काळात येऊ. अशा कागदांचा एक ठरलेला साचा असे: अमुक माणसाने येऊन अर्ज केला की आपण अमुक गावचा पाटील, आपले वतन पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. हा ‘आपण’ म्हणजे अधिकारी नव्हे, अर्जदार. कारकून दुसऱ्याचे बोलणे लिहीत होता. ‘मी’ लिहिले असते तर तो कारकुनाचा ‘मी’ झाला असता. म्हणून बोलणाऱ्याचे स्वत्व ‘आपण’ या शब्दात जपले जाई. मला हा साचा फार मोलाचा वाटतो, कारण शब्दाचा मूळ अर्थ इथे कामाला जुंपलेला दिसतो.

पेशवाईतल्या पत्रव्यवहारात तोच ‘आपण’ ज्याला पत्र लिहायचे त्या मानकऱ्यासाठी येताना दिसतो. ‘स्वतः’चा अर्थ आदराकडे का वळावा? माझ्या मते समोरच्याकडे बोट न दाखवता त्याचा उल्लेख करण्याची सोय त्यात होती. शेजारच्या कन्नडमध्येही ‘तावु’ हे आत्मवाचक सर्वनाम अतिआदराच्या संबोधनासाठी वापरतात, आणि हिंदीचा ‘आप’ तर आपल्याच ‘आपण’चा भाऊबंद. मराठीने मात्र क्रियापद ‘तुम्ही’चेच ठेवले: ‘आपण आलात’.

याच शब्दाचा तिसरा अर्थ, बोलणारा आणि ऐकणारा दोघे मिळून, बोलण्यात नांदत होताच. त्यामुळे सर्वांत दूरचा आणि सर्वांत जवळचा अर्थ एकाच शब्दात राहिला, आणि निवाडा पुन्हा क्रियापदाकडे गेला. ‘आपण निघू’ म्हटले की दोघे, ‘आपण निघालात’ म्हटले की फक्त समोरचा. ‘आपण कधी निघणार?’ या वाक्यात मात्र ती खूण हरवते. एखाद्या वडीलधाऱ्या पाहुण्याला हे विचारले तर तो “तुम्ही पण येताय का?” असे सहज म्हणू शकतो. तिथे ‘तुम्ही’ बरा. ‘आपलं गाव कोणतं?’ आणि ‘आपलं गाव लांब राहिलं’ यांतला फरक तर प्रसंगाशिवाय कळत नाही.

8 मार्च 1948 रोजी भोर संस्थान विलीन झाले. तिथले संस्थानिक असलेल्या पंत सचिवांच्या दरबाराची जागा तहसील कचेरीने घेतली, पण लेखी मायना टिकला. आजचा शेतकरी सातबाऱ्यासाठी लिहितो, ‘आपण कृपया नक्कल द्यावी’, आणि खाली सही करण्याआधी ‘आपला विश्वासू’. जुन्या कागदात ‘आपण’ अर्जदार होता. आता तो टेबलापलीकडे जाऊन बसला आहे, आणि अर्जदार त्याचा ‘आपला’ झाला आहे. कारकून कागद वाचतो, मान वर करतो आणि विचारतो, “कुठनं आलात?”