स्टेपर व सर्व्हो मोटर: लहान स्थाननियंत्रण अक्षासाठी निवड

सरकते टेबल ठरावीक अंतरावर नेऊन अचूक थांबवणाऱ्या यंत्रणेस स्थाननियंत्रण अक्ष म्हणतात. पुणे परिसरात भोसरी, चाकण यांसारख्या औद्योगिक वसाहतींतील लघुउद्योगांत सुट्या भागांना छिद्रे पाडणे, खुणा करणे अशा एकाच कामासाठी बांधलेली यंत्रे (एसपीएम) वापरली जातात. त्यांच्या अक्षासाठी स्टेपर घ्यावी की सर्व्हो, हे प्रामुख्याने वेगावर आणि चुकीची किंमत किती यावर ठरते.

== टॉर्क ==
उदाहरणार्थ, १० किलो वजनाचे आडवे टेबल, ५ मिमी लीडचा बॉल स्क्रू आणि सेकंदाला १०० मिमी वेग घेतल्यास मोटर मिनिटाला १२०० फेरे फिरते. त्वरण २ मी/से² व घर्षण २० न्यूटन धरले, तर टेबल ढकलण्यास सुमारे ०.०४ न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो. मात्र १६ मिमी जाडीचा, ४०० मिमी लांबीचा स्क्रू आणि मोटरचा रोटर यांना गती देण्यासच सुमारे ०.१५ न्यूटन-मीटर लागतो. नवशिक्यांच्या हिशोबातून नेमका हाच भाग सुटतो. दुप्पट राखीव धरून गरज ०.४ न्यूटन-मीटरच्या आसपास जाते.

स्टेपरवर छापलेला टॉर्क स्थिर अवस्थेतील, म्हणजे धारण टॉर्क असतो. वेग वाढला की वेटोळ्यांत विद्युतप्रवाह पुरेसा चढण्यास वेळ मिळत नाही व टॉर्क झपाट्याने घसरतो. त्यामुळे १.९ न्यूटन-मीटरची स्टेपरही १२०० फेऱ्यांना अपुरी पडू शकते. आपल्या ड्राइव्हच्या व्होल्टेजवरील टॉर्क-वेग आलेख पाहिल्यावाचून निर्णय घेऊ नये. २०० वॉटची सर्व्हो सुमारे ०.६४ न्यूटन-मीटर टॉर्क ३००० फेऱ्यांपर्यंत टिकवते. वेग सेकंदाला २५ मिमी पुरत असेल, तर मोटरचे ३०० फेरेच होतात आणि तेथे स्टेपर उत्तम चालते.

== बंद-वळसा नियंत्रण ==
साधी स्टेपर आज्ञा पाळली गेली की नाही हे तपासत नाही. भार वाढून ती मागे पडली, तर नियंत्रक चुकीच्या जागीही काम चालू ठेवतो. २०० पायऱ्यांच्या मोटरमध्ये तालभंग चार पूर्ण पायऱ्यांच्या पटीत होतो, म्हणजे वरील स्क्रूवर ०.१ मिमीच्या पटीत. अक्ष अनेकदा फिरवून शून्यावर आणावा व डायल गेजने फरक मोजावा. तो ०.१, ०.२ मिमी असा आला, तर पायऱ्या सुटल्या असण्याची शक्यता जास्त. फरक अनियमित असल्यास कपलिंगची पकड किंवा स्क्रूची ढिलाई तपासावी.

सर्व्होतील एन्कोडर चूक पकडून भरून काढतो व ती मर्यादेपलीकडे गेल्यास यंत्र थांबवतो. परंतु एन्कोडर मोटरच्या दांड्यावर असल्याने कपलिंग घसरले तर तेही त्याला कळत नाही.

== खर्च ==
स्टेपर व तिचा ड्राइव्ह स्वस्त असतो. सर्व्होबरोबर एन्कोडरची केबल, जुळणीचा (ट्यूनिंग) वेळ आणि सुटा ड्राइव्ह राखून ठेवण्याचा खर्च येतो. एन्कोडरयुक्त स्टेपर हा मधला पर्याय चूक ओळखतो, पण जास्त वेगावरील टॉर्कची मर्यादा दूर करत नाही. एक महाग भाग वाया जाण्याचा तोटा दोन संचांच्या किमतींतील फरकाएवढा असेल, तेथे सर्व्हो परवडते.