तुकड्यावरून नोंद शोधताना

गृहनिर्माण संस्थेच्या खजिनदाराकडे बँकेचा उतारा येतो, तेव्हा सदनिकेचा क्रमांक स्वतंत्र रकान्यात नसतो. ‘UPI/B-20/देखभाल’ अशा लांबलचक तपशिलात तो दडलेला असतो. एक्सेलमधील XLOOKUP हे सूत्र एरवी संपूर्ण मजकूर जुळला तरच नोंद शोधून देते. तुकड्यावरून शोध घ्यायचा, तर सूत्रात पाचव्या जागी 2 हा अंक द्यावा लागतो. तपशील A रकान्यात, रक्कम B मध्ये आणि शोधावयाचा क्रमांक D2 मध्ये असल्यास सूत्र असे:

```
=XLOOKUP("*"&D2&"*",A2:A200,B2:B200,"नोंद नाही",2)
```

तारका म्हणजे कितीही अक्षरे, अगदी शून्यसुद्धा. 2 लिहायचा राहिल्यास तारका साधे चिन्ह ठरते आणि ‘नोंद नाही’ असे उत्तर येते. ही चूक निदान दिसते तरी! खरा धोका निराळा आहे. B-20 शोधताना B-204 ची ओळ वर असेल, तर सूत्र तिचीच रक्कम मुकाट्याने देते; कारण वरून पहिली जुळणारी ओळ त्याला पुरते. D2 रिकामा राहिला, तर कोणताही मजकूर जुळतो आणि पहिल्याच ओळीची रक्कम उमटते. यासाठी क्रमांकालगतच्या तिरक्या रेषाही शोधात धराव्यात:

```
"*/"&D2&"/*"
```

एकाच सदनिकेचे दोन भरणे असल्यास मात्र हा उपायही अपुरा पडतो. किती ओळी जुळतात, हे COUNTIF ला हाच तुकडा देऊन आधी पाहावे. संख्या एकाहून अधिक आल्यास बेरजेसाठी SUMIF वापरावे. XLOOKUP एक्सेल 2019 मध्ये नाही. 2021 च्या आवृत्तीत आहे.