न जन्मलेल्यांवर काढलेली हुंडी

मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सरकारी कर्मचारी 'जुन्या पेन्शन'साठी संपावर गेले, तेव्हा एक प्रश्न फारसा कोणी विचारला नाही: जुन्या पेन्शनचा पैसा कोठे साठवलेला असतो? उत्तर असे की तो कोठेच साठवलेला नसतो. आजच्या तिजोरीतून आजच्या निवृत्तांना दिला जातो. ही रीत संपूर्ण समाजाला लावली तर काय होते, याचा सर्वांत बोलका इतिहास जर्मनीचा आहे.

बिस्मार्कने १८८९ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा कायदा केला. वयाची अट ७० वर्षे होती; १९१६ मध्ये ती ६५ वर आली. कल्पना साठ्याची होती: कामगार आणि मालक यांनी वर्गणी भरायची, निधी वाढवायचा. पण १९२३ च्या महागाईत कागदी रोखे मातीमोल झाले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ च्या चलनबदलात पुन्हा तेच घडले. एका पिढीच्या हयातीत साठा दोनदा बुडाला. पन्नाशीच्या दशकात कारखान्यांतले पगार झपाट्याने वाढत होते, म्हातारे मात्र तुटपुंज्या रकमेवर दिवस काढत होते.

१९५५ मध्ये विल्फ्रिड श्रायबर या अर्थतज्ज्ञाने एक आराखडा मांडला. साठ्याची गरजच नाही. आजच्या कमावत्यांची वर्गणी आजच्या वृद्धांना द्यावी आणि पेन्शन पगाराबरोबर वाढावी. मात्र त्याच्या करारात तीन पिढ्या होत्या. कमावत्याने वृद्धांइतकाच मुलांचाही भार उचलावा, त्यासाठी मुलांच्या नावेही भत्ता असावा, आणि ज्यांना मुले नाहीत त्यांनी अधिक द्यावे. उद्याची वर्गणी भरणारे आजच्या पाळण्यात असतात, हे त्याने ओळखले होते.

चान्सेलर आडेनाउअर यांनी अर्थमंत्री एरहार्ड यांचा विरोध असतानाही वृद्धांचा अर्धा भाग उचलला आणि मुलांचा सोडून दिला. जानेवारी १९५७ मध्ये कायदा झाला. पेन्शन एका झटक्यात साठ टक्क्यांहून अधिक वाढली आणि सप्टेंबरच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला निर्विवाद बहुमत मिळाले. सुरुवातीला थोडा साठा ठेवण्याची अट होती, पण १९६९ पर्यंत तीही सैल झाली. आज तेथील राखीव निधी एक-दोन महिन्यांच्या खर्चापुरता असतो.

या व्यवस्थेचे गणित सोपे आहे. चार कमावते प्रत्येकी १०० रुपये मिळवतात आणि एका वृद्धाला ५० रुपये द्यायचे आहेत, तर प्रत्येकाला साडेबारा रुपये पडतात. कमावते दोनच उरले तर २५ पडतात. वर्गणी वाढवायची नसेल तर वृद्धाला २५ रुपयांवर भागवावे लागते. तिसरा मार्ग म्हणजे निवृत्ती लांबवून वृद्धाला कमावत्यांत बसवणे. चौथा सरकारी अनुदानाचा, पण तो करही बव्हंशी त्याच कमावत्यांच्या खिशातून येतो.

पाळणे रिकामे होऊ लागले तेव्हा धोक्याची घंटा वाजली नाही, कारण परिणाम पंचवीस-तीस वर्षे उशिरा दिसतो. दोन्ही जर्मनी मिळून १९६४ मध्ये १३ लाख ५७ हजार मुले जन्मली. १९७५ मध्ये सुमारे ७ लाख ८२ हजार. उलट मोठ्या पिढ्या कामाला लागल्याने मधल्या काळात व्यवस्था भक्कमच भासे. शिल्लक वाढतच जाईल असे अंदाज पाहून १९७२ मध्ये ६३ व्या वर्षी कपातीविना निवृत्तीची सवलत दिली गेली. अशा व्यवस्थेचे नुकसान सुबत्तेच्या वर्षांत दिलेल्या वचनांनी होते.

हिशेब नंतर चुकता करावा लागला. १९५७ मध्ये पगाराच्या १४ टक्के असलेली वर्गणी १९९७ मध्ये २०.३ टक्क्यांवर पोचली. मग २००४ मध्ये सूत्रातच एक घटक घातला गेला: वर्गणीदारांच्या मानाने पेन्शनर वाढले की पेन्शनची वार्षिक वाढ आपोआप कमी होते. २००७ मध्ये निवृत्तीचे वय टप्प्याटप्प्याने ६७ करण्याचा कायदा झाला. शिवाय सरकारी अनुदान वर्षाला १०० अब्ज युरोंच्या पुढे गेले आहे. चारही मार्ग एकाच वेळी वापरावे लागले.

मग पुन्हा साठ्याकडे का वळू नये? कारण बदल करणाऱ्या पिढीला दोनदा भरावे लागते: एकदा आजच्या वृद्धांसाठी, एकदा स्वतःच्या निधीसाठी. शिवाय साठ्यालाही लोकसंख्येपासून सुटका नाही. जमवलेले रोखे म्हातारपणी विकत घेणारे तरुणच लागतात.

१९६४ ची ती सर्वांत मोठी पिढी २०३१ मध्ये ६७ वर्षांची होईल, आणि वयवाढीचा शेवटचा टप्पाही त्याच वर्षी पूर्ण होईल. त्या पिढीने आपल्या आईबापांची पेन्शन चोख भरली. तिची हुंडी मात्र ज्यांच्या नावे काढली गेली, त्यांतले बरेच जण जन्मलेच नाहीत.